ॲप ९६ टक्के अचूक, तरी तेल्या निसटला कसा? प्रिसिजन, रिकॉल आणि एफ-स्कोअरची ओळख

पानाचा किंवा फळाचा फोटो काढून रोग ओळखणारी मोबाईल ॲप आता अनेक पिकांसाठी मिळतात. त्यांच्या माहितीपत्रकात ‘९५ टक्के अचूक’, ‘९७ टक्के अचूक’ असे आकडे असतात. हे आकडे खोटे असतात असे नाही. मात्र बागेत रोगट झाडे थोडी आणि निरोगी झाडे खूप असतील, तर खरा असलेला आकडाही दिशाभूल करू शकतो. अशा वेळी काय मोजावे आणि कसे मोजावे, हे डाळिंबावरील तेल्या रोगाचे उदाहरण घेऊन पाहू.

हजार झाडांची बाग

समजा, डाळिंबाची १००० झाडांची बाग आहे. ४.५ बाय ३ मीटर अंतरावर लागवड असेल तर ही साधारण सव्वातीन एकराची बाग होते. बहर धरल्यानंतर तेल्याची सुरुवात झाली आहे आणि प्रत्यक्षात ४० झाडांवर त्याची लक्षणे आहेत. उरलेली ९६० झाडे निरोगी आहेत. सुरुवातीच्या अवस्थेत असेच चित्र दिसते, आणि नेमक्या याच अवस्थेत रोग सापडणे सर्वांत उपयोगाचे असते.

आता एक अगदी निरुपयोगी ॲप डोळ्यासमोर आणा. कोणत्याही झाडाचा फोटो दिला तरी ते ‘निरोगी’ असेच उत्तर देते. या ॲपची ९६० उत्तरे बरोबर येतील आणि ४० चुकतील. म्हणजे अचूकता ९६ टक्के! तेल्याचे एकही झाड न शोधता ॲपला ९६ टक्के गुण मिळाले. हे गुण ॲपच्या हुशारीचे नाहीत, ते बागेत निरोगी झाडे जास्त असल्याचे आहेत.

अशा प्रश्नाला असंतुलित वर्गीकरण म्हणतात. दोन गटांपैकी एक फार मोठा आणि दुसरा फार छोटा असतो, आणि आपल्याला हवा असतो तो छोटा गट. अचूकता काढताना सर्व उत्तरे एकाच टोपलीत टाकली जातात. त्यामुळे मोठ्या गटातील सोपी उत्तरे छोट्या गटातील चुका झाकून टाकतात.

हवामान अंदाजातील जुना धडा

हा पेच मोबाईलच्या काळातला नाही. अमेरिकेत १८८४ मध्ये लष्कराच्या सिग्नल कोअरमधील जॉन फिनले यांनी टॉर्नेडो, म्हणजे चक्री वावटळीचे अंदाज देण्याचा प्रयोग केला. एकूण २८०३ अंदाजांपैकी १०० वेळा त्यांनी ‘टॉर्नेडो येईल’ असे सांगितले. त्यापैकी २८ वेळा तो आला, ७२ वेळा आला नाही. याशिवाय २३ वेळा ‘येणार नाही’ असे सांगूनही टॉर्नेडो आला. उरलेले २६८० अंदाज ‘येणार नाही’ असे होते आणि ते बरोबर ठरले.

बरोबर अंदाज २७०८, म्हणजे अचूकता ९६.६ टक्के. त्यावर टीकाकारांनी दाखवून दिले, की रोज डोळे मिटून ‘टॉर्नेडो येणार नाही’ असे सांगितले असते, तर अचूकता ९८.२ टक्के झाली असती. तरीही त्या रोजच्या ‘नाही’चा कोणाला उपयोग झाला नसता, आणि फिनले यांचे २८ बरोबर इशारे मात्र उपयोगाचे होते. अचूकतेच्या आकड्याने उपयोगी अंदाजाला निरुपयोगी अंदाजाच्या खाली बसवले.

उत्तरांचे चार कप्पे

आता पुन्हा बागेत येऊ. एक खरे काम करणारे ॲप घेऊ. त्याने १००० झाडांपैकी ६० झाडांवर ‘तेल्या’ असा इशारा दिला. नंतर सर्व झाडे जाणकाराने स्वतः तपासली. पानावरील तेलकट, पाणी भरल्यासारखे डाग आणि त्याभोवती पिवळे वलय पाहिले. पान उन्हाकडे धरून डागाची कड पारदर्शक दिसते का तेही पाहिले. फळांवरील काळे डाग आणि त्यावर पडणाऱ्या भेगा तपासल्या. या तपासणीतून चार कप्पे तयार झाले.

- इशारा दिला आणि तेल्या होता: ३० झाडे (बरोबर पकड)
- इशारा दिला, पण तेल्या नव्हता: ३० झाडे (खोटा इशारा)
- इशारा दिला नाही, पण तेल्या होता: १० झाडे (निसटलेली झाडे)
- इशारा दिला नाही आणि तेल्या नव्हता: ९३० झाडे (बरोबर सुटका)

खोटे इशारे बहुतेक वेळा सारख्या दिसणाऱ्या लक्षणांमुळे येतात. बुरशीजन्य पानावरील ठिपके, फवारणीमुळे भाजलेली पाने, फळावर फुलकिड्यांनी खरवडलेले चट्टे हे फोटोत तेल्यासारखे भासू शकतात. निसटलेली झाडे बहुधा अशी असतात, की ज्यांच्यावर डाग नुकतेच आले आहेत, किंवा डाग आतल्या फांद्यांवर आहेत आणि फोटो बाहेरून काढला आहे.

या ॲपची अचूकता किती? बरोबर उत्तरे ३० अधिक ९३०, म्हणजे ९६०. अचूकता ९६ टक्के. सर्वांना ‘निरोगी’ म्हणणाऱ्या ॲपचा आकडाही हाच होता. एका ॲपने ३० रोगट झाडे शोधली, दुसऱ्याने एकही नाही, आणि अचूकतेला दोघे सारखेच वाटतात.

दोन वेगळे प्रश्न: प्रिसिजन आणि रिकॉल

फरक दिसण्यासाठी निरोगी झाडांचा मोठा कप्पा बाजूला ठेवून दोन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न: ॲपने इशारा दिला, तर तो किती वेळा खरा असतो? याला प्रिसिजन म्हणतात. येथे ६० इशाऱ्यांपैकी ३० खरे, म्हणजे प्रिसिजन ५० टक्के. प्रिसिजन कमी असेल तर आपली फेरी, मजुरी किंवा फवारणी वाया जाते.

दुसरा प्रश्न: बागेत जेवढी रोगट झाडे आहेत, त्यापैकी ॲपने किती पकडली? याला रिकॉल म्हणतात. येथे ४० पैकी ३० पकडली, म्हणजे रिकॉल ७५ टक्के. रिकॉल कमी असेल तर रोग बागेत राहून जातो.

दोन्हींमध्ये वरचा आकडा एकच आहे, बरोबर पकडलेली ३० झाडे. फरक फक्त कशाने भागायचे याचा आहे. इशाऱ्यांच्या संख्येने भागले तर प्रिसिजन, प्रत्यक्ष रोगट झाडांच्या संख्येने भागले तर रिकॉल. सर्वांना ‘निरोगी’ म्हणणाऱ्या ॲपचा रिकॉल शून्य येतो आणि त्याचे पितळ लगेच उघडे पडते.

एफ-स्कोअर कशासाठी?

दोन ॲपची तुलना करताना एकाचे प्रिसिजन चांगले आणि दुसऱ्याचा रिकॉल चांगला असे होते. मग दोन्ही आकडे मिळून एक आकडा काढण्याची गरज पडते. साधी सरासरी येथे चालत नाही. समजा एखादे ॲप हजारही झाडांवर ‘तेल्या’ असा इशारा देते. त्याचा रिकॉल १०० टक्के, कारण एकही रोगट झाड सुटले नाही. प्रिसिजन मात्र १००० पैकी ४०, म्हणजे ४ टक्के. साधी सरासरी ५२ टक्के येते, आणि अशा ॲपला ५२ गुण देणे योग्य नाही.

म्हणून एफ-स्कोअर काढताना वेगळी सरासरी वापरतात. दोन्हींच्या गुणाकाराची दुप्पट करून तिला दोन्हींच्या बेरजेने भागतात.

एफ-स्कोअर = (२ × प्रिसिजन × रिकॉल) ÷ (प्रिसिजन + रिकॉल)

या रीतीत जो आकडा लहान असेल तो एफ-स्कोअरला खाली ओढतो. सर्वांना ‘तेल्या’ म्हणणाऱ्या ॲपचा एफ-स्कोअर फक्त ०.०८ येतो. आपल्या ॲपचा येतो (२ × ०.५० × ०.७५) ÷ १.२५ = ०.६०. एफ-स्कोअर ० ते १ मध्ये असतो आणि १ म्हणजे एकही खोटा इशारा नाही, एकही झाड निसटले नाही.

इशाऱ्याची रेषा सरकवली तर?

बहुतेक ॲप आतून थेट ‘हो’ किंवा ‘नाही’ ठरवत नाहीत. ते प्रत्येक फोटोला संशयाचे गुण देतात आणि ठरावीक रेषेच्या वर गुण गेले की इशारा देतात. ही रेषा वर सरकवली की ॲप कडक होते, अगदी खात्री असल्याशिवाय बोलत नाही. रेषा खाली आणली की ते जरा संशय आला तरी इशारा देते. आपल्या बागेत त्याच ॲपची रेषा तीन ठिकाणी ठेवून पाहिली, असे समजू.

| रेषा | एकूण इशारे | खरे इशारे | निसटलेली झाडे | अचूकता | प्रिसिजन | रिकॉल | एफ-स्कोअर |
|---|---|---|---|---|---|---|---|
| कडक | २५ | २० | २० | ९७.५ % | ८० % | ५० % | ०.६२ |
| मध्यम | ६० | ३० | १० | ९६ % | ५० % | ७५ % | ०.६० |
| सैल | १५२ | ३८ | २ | ८८.४ % | २५ % | ९५ % | ०.४० |

तक्ता नीट पाहा. अचूकतेनुसार कडक रेषा सर्वांत चांगली ठरते. साधा एफ-स्कोअरही थोड्या फरकाने तिलाच पुढे ठेवतो. पण या रेषेवर ४० पैकी २० रोगट झाडे बागेत तशीच राहतात. तेल्याचे जिवाणू पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून, वाऱ्याबरोबरच्या पावसातून आणि छाटणीच्या कात्रीतून शेजारच्या झाडावर जातात. निसटलेले झाड म्हणजे नुसती गणितातली चूक नाही, ते पुढच्या पावसात रोग पसरवणारे केंद्र आहे.

साधा एफ-स्कोअर प्रिसिजन आणि रिकॉलला सारखे वजन देतो. निसटणे जास्त महागात पडत असेल तर रिकॉलला जास्त वजन देणारा एफ-२ स्कोअर वापरतात. तो असा काढतात.

एफ-२ = (५ × प्रिसिजन × रिकॉल) ÷ (४ × प्रिसिजन + रिकॉल)

या सूत्राने कडक रेषेला ०.५४, मध्यम रेषेला ०.६८ आणि सैल रेषेला ०.६१ गुण मिळतात. म्हणजे कडक रेषा पहिल्या क्रमांकावरून शेवटच्या क्रमांकावर गेली. ॲप तेच, बाग तीच, फक्त कोणती चूक किती महाग आहे हे आपण गणिताला सांगितले.

इशाऱ्यानंतर काय करणार, यावर निवड ठरते

कोणते वजन योग्य, हे सूत्र सांगत नाही. इशारा मिळाल्यावर आपण पुढे काय करणार, त्यावर ते ठरते.

इशारा मिळालेल्या झाडाजवळ जाऊन फक्त पाहणी करायची असेल, तर खोट्या इशाऱ्याची किंमत एका झाडामागे दोन-तीन मिनिटे एवढीच आहे. सैल रेषेवरील १५२ झाडे पाहायला एका माणसाचा एक दिवस पुरतो, आणि त्या बदल्यात ४० पैकी ३८ रोगट झाडे हाती लागतात. पाऊस तोंडावर असताना हा सौदा स्वस्त आहे. येथे कमी प्रिसिजन चालते, रिकॉल जास्त हवा.

याउलट इशारा मिळाला की न पाहता फांद्या छाटायच्या किंवा झाड काढून टाकायचे असेल, तर सैल रेषेवर ११४ निरोगी झाडांचे नुकसान होईल. अशा कामासाठी प्रिसिजन जास्तच हवे. फवारणीचेही तसेच आहे. न पाहता दिलेली जादा फवारणी खर्च वाढवते आणि निर्यातीच्या बागेत उर्वरित अंशाचा प्रश्न उभा करते.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी शक्य तेथे दोन टप्पे ठेवावेत. ॲपची रेषा सैल ठेवून संशयित झाडांची यादी करावी आणि उपायाचा निर्णय डोळ्यांनी पाहिल्यावरच घ्यावा. शंका राहिल्यास नमुना प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा.

एकाच ॲपचे प्रिसिजन बागेनुसार बदलते

ही गोष्ट माहितीपत्रकात क्वचित लिहिलेली असते. आपले मध्यम रेषेवरचे ॲप रोगट झाडांपैकी ७५ टक्के पकडते आणि ९६० निरोगी झाडांपैकी ३० झाडांवर, म्हणजे सुमारे ३ टक्के निरोगी झाडांवर खोटा इशारा देते. हेच ॲप आणखी दोन बागांत नेऊ.

पहिली बाग मृग बहराची आहे. पावसात रोग वाढला असून १००० पैकी २०० झाडे रोगट आहेत. ॲप त्यातील १५० पकडते आणि ८०० निरोगी झाडांपैकी २५ वर खोटा इशारा देते. प्रिसिजन १७५ पैकी १५०, म्हणजे ८६ टक्के.

दुसऱ्या बागेत रोग नुकताच शिरला आहे आणि फक्त ८ झाडे रोगट आहेत. ॲप त्यातील ६ पकडते, पण ९९२ निरोगी झाडांपैकी ३१ वर खोटा इशारा देते. प्रिसिजन ३७ पैकी ६, म्हणजे जेमतेम १६ टक्के.

ॲपमध्ये काहीच बदलले नाही. रिकॉल तिन्ही ठिकाणी ७५ टक्केच राहिला. रोगट झाडांचे प्रमाण बदलले आणि प्रिसिजन १६ टक्क्यांपासून ८६ टक्क्यांपर्यंत फिरले. एफ-स्कोअरमध्ये प्रिसिजन असल्याने तोही सोबत बदलतो. त्यामुळे कोणी ‘आमच्या ॲपचे प्रिसिजन ८६ टक्के’ असे सांगितले, तर चाचणीच्या फोटोंमध्ये रोगट किती आणि निरोगी किती होते हे विचारावे. चाचणीत निम्मे फोटो रोगट असतील आणि आपल्या बागेत शंभरात एक झाड रोगट असेल, तर तो आकडा आपल्या कामाचा नाही.

रिकॉल रोगाच्या प्रमाणावर थेट अवलंबून नसतो, पण रोगाच्या अवस्थेवर असतो. फळ तडकलेले, डाग मोठे झालेले फोटो ओळखणे सोपे असते. चाचणी अशा फोटोंवर झाली असेल तर रिकॉल जास्त दिसतो, आणि बागेत सुरुवातीच्या बारीक डागांवर ॲप कमी पडते.

आपल्या बागेत तपासणी कशी करावी?

येथे एक चूक सर्रास होते. इशारा मिळालेली झाडेच तपासली जातात. ६० पैकी ३० खरी निघाली, एवढे कळते आणि काम थांबते. यातून प्रिसिजन कळले, पण रिकॉल कळूच शकत नाही. निसटलेली झाडे इशारा न मिळालेल्या गटात असतात आणि तेथे कोणी गेलेलेच नसते.

सर्व ९४० झाडे पाहणे शक्य नसेल तर पुढीलप्रमाणे करावे.

१. ॲपने इशारा दिलेली सर्व झाडे तपासावीत आणि खरे-खोटे वहीत लिहावे.

२. इशारा न मिळालेल्या झाडांपैकी प्रत्येक पाचवे झाड तपासावे. आपल्या उदाहरणात ती १८८ झाडे होतात. तेल्या बागेत ठिगळाठिगळाने दिसतो, म्हणून एकाच कोपऱ्यातील झाडे न घेता सर्व ओळींतून घ्यावीत.

३. त्यात जेवढी रोगट झाडे सापडतील त्यांना पाचने गुणावे. २ सापडली तर एकूण सुमारे १० झाडे निसटली असा अंदाज येतो.

४. रिकॉल काढावा. पकडलेली ३० झाडे, एकूण रोगट सुमारे ४०, म्हणजे ७५ टक्के.

५. तपासणाऱ्या व्यक्तीला ॲपचे उत्तर आधी सांगू नये. इशारा माहीत असेल तर डोळ्यांनाही डाग जास्त दिसू लागतात.

हा अंदाजच आहे, हे लक्षात ठेवावे. २ ऐवजी योगायोगाने १ झाड सापडले असते तर रिकॉल ८६ टक्के वाटला असता आणि ४ सापडली असती तर ६० टक्के. रोगट झाडे थोडी असताना एका बागेच्या मोजणीवरून ॲपला चांगले किंवा वाईट ठरवू नये. गटातील पाच-सहा बागांचे चार कप्पे एकत्र बेरीज करून मगच आकडे काढावेत. प्रत्येक बागेचे टक्के काढून त्यांची सरासरी घेऊ नये, कारण ३ रोगट झाडांची बाग आणि १०० रोगट झाडांची बाग त्यात सारख्या वजनाची होते.

ॲप विकणाऱ्या किंवा सुचवणाऱ्या व्यक्तीकडून टक्केवारीऐवजी हेच चार कप्पे मागावेत: खरे इशारे, खोटे इशारे, निसटलेली झाडे आणि बरोबर सुटलेली झाडे. चार संख्या हाती असल्या की अचूकता, प्रिसिजन, रिकॉल आणि एफ-स्कोअर कोणालाही मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर काढता येतात. फक्त अचूकतेचा एक आकडा दिला असेल, तर त्यावरून ‘सर्व निरोगी’ म्हणणारे ॲप आणि तेल्या शोधणारे ॲप यातला फरक ओळखता येत नाही.